बुडाची खरवड

बासुंदी मी आजही चांगली करते. लोक वाटीवर वाटी मागून घेतात आणि हमखास विचारतात, कुणी शिकवली? मी 'सासरी शिकले' एवढंच म्हणते आणि विषय बदलते. जिने शिकवली तिची आठवण निघाली की अजून माझं डोकं फिरतं, आणि राग ओसरला की मला तीच हवीशी वाटते. एकाच बाईबद्दल हे दोन्ही कसं होतं ते मला विचारू नका.

माझं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दोन गाई, त्यांचं दूध चहापुरतं. सणाला गुळाची खीर झाली की आम्ही खूश. बांगलादेशची लढाई पेटली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी सांगलीकडे, कृष्णाकाठच्या गावात आले. तिथे नजर टाकाल तिथवर ऊस आणि गोठ्यात चार म्हशी. पहिल्याच आठवड्यात सासूने मला दुधावर लक्ष ठेवायला बसवलं आणि मी बसल्या जागी सगळं दूध उतू घालवलं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "डोंगरातली हाय, दूध बगितलंया कुटं हिनं." सातवी पास असल्याचा माझा सगळा तोरा त्या दुधाबरोबर चुलीत गेला.

तेव्हा मोठ्या जावेने मला चुलीवरून उठवलं नाही. राख सारली, दुसरं पातेलं ठेवलं आणि माझ्याशेजारी बसली. मी तिला आक्का म्हणायला लागले. तोंडावर 'तुमी' म्हणायची, पण मनात ती कायम 'ती'च होती, सख्ख्या बहिणीला म्हणावं तशी. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई, बोलायला कमी. थोरले दीर दिवसभर उसात. माझा नवरा फौजेत; वर्षाला दोन महिन्यांची सुटी, बाकी दहा महिने त्याचं पत्र. म्हणजे खरं सांगायचं तर माझा संसार आक्काबरोबरच चालला होता. धारा, भाकऱ्या, शेणी थापणं, नदीवर धुणं, सगळं आम्ही जोडीने करायचो आणि हसायचोही खूप.

बासुंदीची सुरुवात तिने पातेल्यापासून केली. तोंड पसरट, बूड जाड, आतून ताजी कल्हई. दूध ओतायच्या आधी आत पाणी फिरवून ओतून टाकायचं, पण पातेलं पुसायचं नाही. ओल्या बुडाला दूध लवकर धरत नाही. मग विस्तव. ऊसवाल्यांच्या घरी पाचटाला तोटा नसतो, पण पाचट भडकतं आणि विझतं, ते इथे कामाचं नाही. पहिली उकळी लाकडावर आणायची, मग लाकडं मागे ओढायची आणि शेणीच्या निखाऱ्यावर दूध आटू द्यायचं. दूध नुसतं हलत राहिलं पाहिजे, उसळ्या मारायला लागलं की विस्तव जास्त झाला. पुढचे दोन-तीन तास बाईने तिथून हलायचं नाही.

दुधावर साय धरली की ती उलथण्याने अलगद कडेला सारायची आणि पातेल्याच्या भिंतीला चिकटवायची. परत धरली, परत सारायची. भिंतीवर सायीचा थर चढत जातो आणि दूध खाली खाली उतरत जातं. तो थर मऊ आहे तोवर उलथण्याने सोडवून दुधात घ्यायचा. फार वेळ ठेवला तर वाळून कडक होतो आणि दुधात नीट मिसळत नाही. हेच बासुंदीचं सगळं वैभव. मला वाटायचं साखर आणि वेलदोडा म्हणजे बासुंदी. आक्का म्हणायची, "साखर काय, कुनी बी घालतंय. ती सगळ्यात शेवटी. आदी घातलीस तर दूध बुडाला धरंल."

बुडाचा नियम वेगळा. उलथणं बुडावरून सपाट, हलक्या हाताने सारखं फिरवत राहायचं. दूध दाट व्हायला लागलं की ते खाली बसायला बघतं. सरसर फिरणारं उलथणं जरासं अडखळलं की समजायचं, बुडाने धरलं. त्यानंतर त्या बुडाला हात लावायचा नाही. पातेलं उतरवायचं, वरचं दूध हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि तळाचं तळालाच राहू द्यायचं. वरची बासुंदी चांगली निघते, कुणाला कळतही नाही. पण घाबरून जर कुणी बूड खरवडलं, तर करपलेली खरवड सगळ्या दुधात फिरते आणि मग त्या दुधाला देवही वाचवू शकत नाही. "कडंची साय मानसाची, बुडाची खरवड मांजराची," असं ती म्हणायची. ही म्हण मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नाही. तिचीच असणार.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नवऱ्याचं पत्र आलं की अंबाल्याला त्याला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालंय आणि या सुटीला तो मला घेऊन जाणार. पत्र मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं आणि मग पारावर जाऊन गावभर सांगितलं. माझे पाय जमिनीवर नव्हते. लग्नाला चार वर्षं झालेली आणि नवऱ्याचा चेहरा आठवायला मला फोटो बघावा लागत होता. मला जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला त्या काळात हवी होती.

आक्काला मी म्हटलं, "तुमी एकट्या पडशीला." ती म्हणाली, "माझं काय, म्हशी हायत की सोबतीला." दोघी हसलो. पण त्या रात्रीपासून ती थोडी गप्प गप्प होती, हे माझ्या लक्षात आलं होतं.

त्या घराची एक रीत होती. घरातलं माणूस परमुलखात मुक्कामाला निघालं की औंधच्या यमाईला बासुंदीचा नैवेद्य दाखवायचा, घरच्याच देव्हाऱ्यापुढे. बाई निघाली असेल तर नैवेद्य तिनेच करायचा, दुसरीने हात लावायचा नाही. न्हाऊन बसायचं आणि नैवेद्य आहे म्हणून चाखायचंही नाही. डोळ्यांनी आणि नाकानेच ओळखायचं. नैवेद्य निर्वेध झाला की देवीचा हुकूम मिळाला, मग खुशाल जायचं. आत्याबाईंच्या मनातून मला पाठवायचं नव्हतंच, पण देवीच्या पुढे त्या जाणाऱ्या नव्हत्या. मला त्याची धास्ती नव्हती. चार वर्षांत मी आक्काच्या हाताखाली इतक्यांदा बासुंदी आटवली होती की झोपेतही केली असती.

नवरा सुटीवर येऊन महिना झाला होता. मंगळवारी सकाळी मी न्हाऊन चुलीपुढे बसले. आठ शेर म्हशीचं दूध. उकळी आली, लाकडं मागे ओढली, निखारा सारखा केला. दूध असं शहाण्यासारखं आटत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. कडेला पिवळसर सायीचा जाड थर बसला होता. तो दोनदा सोडवून आत घेतला. दूध निम्म्याच्या खाली आलं, रंग बदलला, उलथण्यावरून धार जड पडायला लागली. साखर घालायला अर्धा तास राहिला असेल.

तेवढ्यात आक्का दारात आली. "भावजी बोलवत्यात तुला. गोठ्याकडं. जा, मी नजर ठेवते."

मी म्हटलं, "हात न्हाई लावायचा तुमी."

"न्हाई लावत. नुसती बसते."

दिवसाउजेडी नवऱ्याने बोलावणं ही आमच्या घरात नवलाची गोष्ट. वडीलधाऱ्यांच्या देखत तो माझ्याकडे बघायचाही नाही. मी पदराला हात पुसत गेले. तो म्हशीच्या दाव्याशी उगाच चाळा करत उभा होता. त्याने विचारलं, रेल्वेत भीती वाटेल का? दोन रात्रींचा प्रवास आहे. मग सांगायला लागला की तिकडे थंडीत तोंडातून वाफ निघते, बायका अंगणात बसून लोकर विणतात, तूही शिकशील. क्वार्टरच्या मागे हातभर जागा आहे, तिथे मेथी लाव म्हणाला. इतका तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मी दोनदा म्हटलं, "चुलीवर दूध हाय." तो म्हणाला, "वैनी हायत की." आणि मी थांबले. मला थांबावंसं वाटलं.

परत आले तर वास उंबऱ्यावरच आला. आक्का चुलीपुढे बसली होती आणि उलथणं तिच्या हातात होतं. मला बघून ती उठली, उलथणं खाली ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी मागे ओढलेली बाभळीची लाकडं पुढे आली होती आणि जाळ पातेल्याला भिडत होता. दुधात तपकिरी कण गरगर फिरत होते. मी पातेलं उतरवून उलथणं बुडावर फिरवलं. बूड एका ठिकाणी खरखरीत, एका ठिकाणी गुळगुळीत लागलं. उलथण्याच्या पात्याला काळपट पोपडा चिकटला होता. नुसतं धरलेलं दूध आपण होऊन वर येत नाही. बुडाला जोर लावून खरवडावं लागतं. हे मला ज्या बाईने शिकवलं ती भिंतीशी उभी होती.

करपल्याचा वास देव्हाऱ्यापर्यंत पोचला आणि आत्याबाई आल्या. पातेल्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडे.

मी काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, "देवीच्या मनात न्हाई, आत्याबाई."

तिने माझ्यावर ढकललं असतं तर मी भांडले असते. मी काही गरीब गाय नव्हते. पण तिने देवीवर ढकललं. देवीशी कसं भांडायचं? आणि तोंड उघडायचं तर जावेने नैवेद्य नासवला असं सांगावं लागणार. ते कुणाला पटलं असतं? मी तिच्याकडे बघत राहिले, की आता बोलेल, आता बोलेल. ती खाली बघत होती.

"यमाईनं न्हाई म्हटलं," आत्याबाई म्हणाल्या, "आता मी व्हय म्हननारी कोन?" आणि विषय संपला. ती बासुंदी म्हशींच्या आंबोणात गेली. सुटी सरल्यावर नवरा एकटाच गेला. जाताना म्हणाला, "पुढं बगू." त्याच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसलं. माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं.

आक्काने ते का केलं, याचा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला: एकटं राहायला लागू नये म्हणून. चार म्हशी, रानात जाणाऱ्यांच्या भाकऱ्या, सासू, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडणार होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण जे हाताला धरून शिकवलं त्यानेच माझा गळा कापला, हे मला सहन होत नव्हतं. पुढची दोन वर्षं आम्ही एकाच चुलीपुढे बसलो आणि कामापुरतं बोललो. पूर्वीसारखी ती कधी पातेल्याच्या कडेची साय काढून माझ्यासाठी वाटीत ठेवायची. मी ती वाटी उचलायची आणि तिच्या डोळ्यांदेखत मांजरापुढे ओतायची. ती दुसऱ्या वेळी परत ठेवायची. याचाही मला रागच यायचा. केसाने गळा कापायचा आणि वर साय चारायची.

दोन वर्षांनी परत पत्र आलं, क्वार्टर मिळालं म्हणून. परत नैवेद्य. या वेळी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, मी दाराला आतनं कडी लावून करनार." आक्का अंगणात धुणं पिळत होती, तिने ऐकलं. ती दिवसभर स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. बासुंदी निर्मळ उतरली, देवीचा हुकूम मिळाला आणि मी निघाले. निघताना मी सगळ्यांच्या पाया पडले, तिच्या नाही.

अंबाल्याला शेजारीण मिळाली ती मिरजेकडची, बोलघेवडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गहू निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं बाई, यंदा तुमचा नंबर लागला एकदाचा. चार वर्षं यादीत हुतं न्हवं तुमचं?"

मी म्हटलं, "दोन वर्षांमागं मिळालं हुतं की. माझंच यायचं राहिलं."

"छे. तवा कुटलं? तवा आमचंच लागलं न्हवतं."

संध्याकाळी नवरा बूट सोडत बसला होता. मी विचारलं. त्याने दुसरा बूट सोडायला फार वेळ घेतला. मग सांगितलं. पत्र लिहिलं तेव्हा कारकुनाने पुढच्या महिन्यात नक्की म्हणून सांगितलं होतं. सुटीवर निघायच्या आधी यादी बदलली आणि नाव मागे गेलं. घरी आला तर वडिलांनी गावभर सांगून ठेवलेलं. माझी ट्रंक भरलेली. त्याला तोंड उघडवेना. म्हणून त्याने वहिनीला गाठलं.

"बासुंदी जाळायचं कुनी काढलं? त्यांनी?"

"मीच," तो म्हणाला. "म्हटलं देवीवर गेलं की कुनाला बोल लागनार न्हाई. वैनी तयार नव्हत्या. देवीचं हाय म्हनाल्या. मग मी पाया पडलो त्यांच्या."

"आन् गोठ्याकडं मला बोलवलं ते?"

त्याने दोन्ही बूट उचलून खाटेखाली सारले. मला उत्तर नकोच होतं. तोंडातून निघणारी वाफ, लोकर, मागच्या दारची मेथी. दोन वर्षं मी ते बोलणं रोज एकदा तरी मनात घोळवलं होतं, कारण तेवढंच माझ्यापाशी होतं. आणि तो ते बोलत होता तेव्हा त्याचे कान स्वयंपाकघराकडे लागले होते. बासुंदी करपवली ते मी कदाचित विसरले असते. हे मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे.

आक्काला पत्र लिहिणं शक्य नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं आणि घरी आलेलं प्रत्येक पत्र मामंजी ओसरीवर मोठ्याने वाचायचे. ते वर्ष मी तसंच काढलं. दोघांनी मिळून मला फसवलं म्हणून संताप, आणि मांजरापुढे ओतलेल्या त्या वाट्या आठवल्या की लाज. लाजेने संताप कमी झाला नाही. उलट वाढला, इतकी वर्षं मला दुष्ट व्हायला लावलं, असं वाटायचं.

पुढच्या सुटीला गावी गेलो. पोचले त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई निजल्या होत्या. आक्का चुलीपुढे होती. मला बघून तिने पाट पुढे सारला.

मी बसले नाही. म्हटलं, "मला ह्यांनी सगळं सांगितलं."

तिने मान हलवली. ती निखारा सारखा करायला लागली.

"मला का न्हाई सांगितलंसा? दोन वर्सं शेजारी बसून?"

"सांगितलं असतं तर तू त्यास्नी कवा माफ केलं नसतंस," ती म्हणाली. "तुला जल्म त्यांच्यासंगं काढायचा हाय, माझ्यासंगं न्हाई. माझा राग आला तर काय, जावंचा राग समद्यांनाच येतो."

तिला ते अगदी सरळ वाटत होतं. मी मात्र जागच्या जागी उभी राहून विचार करत होते, की लग्नाला सात वर्षं झाली आणि त्या नवऱ्याबरोबर मी सगळे मिळून दोन वर्षंसुद्धा राहिले नाही. बाकीचे सगळे दिवस मी हिच्या शेजारी काढले. पहिला गर्भ पडला तेव्हा हिनेच मला धरलं होतं. क्वार्टर मिळालं नाही असं सरळ सांगितलं असतं तर मी त्याच्यावर चिडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग हिच्यापाशी येऊन मोकळी झाले असते. नवऱ्याशी माझं वाकडं येऊ नये म्हणून त्या दोघांनी माझ्यापासून जिला तोडलं, तिच्याबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं.

"मग त्या दोन वर्सांत रडायला मी कुनाकडं जायाचं हुतं, आक्का?"

तिने माझ्याकडे बघितलं. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने तो पाट आणखी थोडा माझ्याकडे सारला.